ताईकडचा खुला फराळ: साडेतीन ते साडेसातच्या संगीताच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

यंदा फराळाला एकेका घराला वेगळं बोलवायचं नाही, असं ताईने ठरवलंय. भाऊबीजेनंतरच्या रविवारी, म्हणजे २६ तारखेला, दुपारी साडेतीन ते साडेसात, ज्याला जमेल तेव्हा त्याने यावं. एकूण माणसं पन्नासेक, एका वेळी घरात पंधरा-वीस. "गाण्याबजावण्याचं तू बघ," एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी दिवसभर ऑडिओबुकं कापते-जोडते, त्यामुळे नात्यात कुठेही स्पीकर लागला की ते काम माझंच असतं.

आज फक्त कागदावर विचार केला. याला मैफिलीसारखं बांधून चालणार नाही. मैफिलीत सगळे एका वेळी येऊन बसतात, म्हणून आलापाने सुरुवात करून चढत जाता येतं. इथे कोणी चारला येईल, कोणी पावणेसहाला. जो तो अर्धा-पाऊण तास बसणार आणि तेवढंच त्याच्या कानावर पडणार. म्हणून चार तासांची यादी न करता, कुठूनही चाळीस मिनिटं उचलली तरी ती आपापली पुरी वाटतील असं करायचं. त्या चाळीस मिनिटांत तालात बांधलेल्या दोन-तीन प्रसन्न गती किंवा धुना, एखादी ओळखीची चाल नुसत्या वाद्यावर, आणि एक-दोन हलकी गाणी.

गाणी कमी ठेवण्याला कारण आहे. शब्द कानावर पडले की मन तिकडे जातं. दोन माणसं सात-आठ महिन्यांनी भेटलीत, एकाचं वाक्य अर्ध्यावर आहे आणि वरून ओळखीचा मुखडा आला, की दुसरा गुणगुणायला लागतो. एकदा झालं तर मजा येते. दर चार मिनिटांनी झालं तर बोलणंच होत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

घरातलं आणि माझ्या हार्ड डिस्कवरचं वाद्यसंगीत ऐकायला घेतलं. पहिली अडचण लगेच समोर आली, ती आलापाची. संतूरवरचा भीमपलास उत्तम आहे, पण अडतीस मिनिटांतली पहिली सोळा आलाप-जोडाची. दिवाणखान्यात चकल्या मोडल्या जात असताना त्यातलं काहीही ऐकू येणार नाही. आवाज वाढवून ठेवला, तर पुढे जलद झाला सुरू होताच माणसं कानावर हात ठेवतील. तबला सुरू झाल्यावर तोच भीमपलास किती खेळकर आहे!

म्हणून लांब रेकॉर्डिंगमधली फक्त द्रुत गत घ्यायची. कुठे कापायचं हे तालच सांगतो. सुरुवात मुखड्याच्या उठावापासून, तबल्याच्या पहिल्या समेच्या अलीकडून. शेवट एखाद्या नीट उतरलेल्या तिहाईवर, आणि त्यानंतर शेवटच्या आघाताची आस विरायला तीन-चार सेकंद. या भीमपलासात द्रुत गत १८ मिनिटं ४० सेकंदांवर सुरू होते आणि साधारण साडेसहा मिनिटांनी एक सुरेख तिहाई येते. तिथे थांबले.

मधला भाग काढून समेला सम जोडायचा मोह होतो. तो टाळला, कारण द्रुत गतीची लय सतत चढत असते. पाचव्या मिनिटाची सम नवव्या मिनिटाच्या समेला जोडली की तबला एकदम धक्का दिल्यासारखा पळतो, आणि ज्याला ताल कळत नाही तोही मान वर करतो. मैफिलीतल्या ध्वनिमुद्रणातल्या टाळ्याही काढल्या. घरात स्पीकरमधून टाळ्या आल्या की लोक दाराकडे बघतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

कापाकापी वाचवणारा खजिना भाऊजींच्या कपाटात निघाला. ७८ गतीच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली सनई, सतार, जलतरंग, क्लॅरिनेट. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे वादक चार-दोन स्वरांत राग दाखवून थेट गतीवर यायचा आणि तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळा व्हायचा. त्या काळी ती तांत्रिक अडचण होती, आपल्याला मात्र नेमकं हेच हवं आहे. खरखर आहे, खर्जही पातळ आहे, पण माणसांनी भरलेल्या खोलीत खरखर कोणाला ऐकू येतेय?

दुसरा ढीग सिनेमाच्या चाली वाद्यावर वाजवलेल्या तबकड्यांचा. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन, व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली यांची गिटार. पूर्वी रेडिओवर एक कार्यक्रम लवकर संपला आणि पुढचा सुरू व्हायला दोन मिनिटं असली, की असलं काहीतरी लावून जागा भरून काढायचे. खोलीत हलकं काहीतरी चालू असावं पण कोणाला अडवू नये, यासाठी याहून बरं काही सापडणं कठीण. शिवाय पाहुणा "हे कुठलं बरं गाणं?" म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो. तसं झालं की यजमानाचं अर्धं काम होतं.

हलक्या गाण्यांसाठी भावगीतं काढली आणि शब्द नीट वाचले. चाल उडती आणि मजकूर विरहाचा, असं मराठीत फार. एक इतकं गोड गाणं सापडलं की लगेच यादीत टाकणार होते. दुसऱ्या कडव्यात ती त्याला कायमचा निरोप देते. दार उघडून "या, या" म्हणताना पाठीमागून निरोप नको. अंगाई, पावसाची तक्रार, देवाला 'आता ने' म्हणणारी भजनं, हीदेखील बाजूला ठेवली. ऋतूची, बागेची, सणाची, थट्टेची अशी सोळा-सतरा उरली, तेवढी पुष्कळ.

१२ ऑक्टोबर, रविवार

भाऊजींशी रागांच्या वेळेवरून तासभर वाद. ते समयचक्राचे पक्के. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुपारी सारंगाचे प्रकार, मग भीमपलास, पटदीप, मधुवंती, सूर्यास्ताला मारवा किंवा पूरियाधनाश्री, दिवे लागल्यावर यमन. माझी हरकत फक्त सूर्यास्तावर. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमाचे ते संधिप्रकाशाचे राग ऐकायला थोर आहेत, पण ऐकणाऱ्याला ते आत ओढून घेतात. हातात करंजी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी आत ओढून काय करणार? मुलतानीही त्याच कारणासाठी गाळला.

शेवटी ठरलं ते असं. साडेतीन ते साडेचार वृंदावनी सारंग आणि शुद्ध सारंगाच्या गती, मध्ये अकॉर्डियन. वृंदावनीत गंधार-धैवतच नाहीत, त्यामुळे तो मोकळा, हवेशीर वाटतो आणि दार उघडं असलेल्या घरात शोभतो. घड्याळाप्रमाणे तो थोडा आधीचा, पण तेवढी सूट भाऊजींनी दिली. साडेचार ते सहा भीमपलास, पटदीप, धानी, पिलू, आणि बरीचशी गाणी इथेच, कारण गर्दी याच वेळी असणार. पटदीप भीमपलासाच्या जवळचाच, पण त्यात निषाद शुद्ध आहे. तेवढ्या एका स्वराने संध्याकाळ उजळते. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ताई पणत्या लावेल तेव्हा संधिप्रकाशाचे राग ओलांडून सरळ हंसध्वनी, मग यमन, तिलंग, पहाडी.

हंसध्वनीवर भाऊजी म्हणाले, "तो मूळचा आपल्याकडचा नाही." खरंच आहे, तो कर्नाटक पद्धतीतून आला. पण उत्तरेकडच्या गायकीत तो रुजवला तो भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी, म्हणजे आपल्या मुंबईतच. यावर भाऊजींनी चहा मागितला.

भैरवीबद्दल मात्र आम्हा दोघांचं एकमत. भैरवी सकाळची असली तरी आपल्याकडे ती लागली की मैफल संपली. पाच वाजता एखादी गोड भैरवी धून लागली, तर ज्येष्ठ मंडळी चपला शोधायला लागतील. तिची जागा सव्वासातला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आवाजाची पातळी. यादीतली ध्वनिमुद्रणं साठ वर्षांत पसरलेली आहेत. नव्याने काढलेली गाणी कर्कश वाटावीत इतकी भरगच्च, संतूर-बासरी त्या मानाने हळू. प्रत्येक फाइलची सरासरी पातळी अशी मोजली:

```
ffmpeg -i santoor_bhimpalas.flac -af ebur128 -f null -
```

शेवटी `Integrated loudness` खाली `I:` समोर जो आकडा येतो तो पाहायचा. संतूर −२१ `LUFS` निघाला, एक भावगीत −११. म्हणजे यादी नुसती लावून दिली तर संतूर संपून गाणं लागताच खोली दचकणार.

इथे दोन वाटा असतात. हळू असलेलं वर आणायचं, किंवा मोठं असलेलं खाली. संतूर वर आणता येत नाही. त्याची सरासरी कमी असली तरी काडीचा प्रत्येक आघात टोकदार असतो आणि तो आधीच मर्यादेपर्यंत पोचलेला असतो. दहा डेसिबल वाढवलं की आघात फाटतात. `loudnorm` सारख्या साधनाला एका फेरीत सगळं सपाट करायला सांगितलं, तर फाटत नाही पण दुसरंच काहीतरी होतं. दोन आघातांच्या मधल्या शांततेत ते आवाज वर ओढतं, आघात आला की खाली दाबतं, आणि मागचा तानपुरा धाप लागल्यासारखा वर-खाली होतो. हेडफोनवर दहा सेकंदांत कळतं.

म्हणून सर्वांत हळू असलेली फाइल हे माप धरलं आणि बाकी सगळं −२० च्या आसपास खाली आणलं. स्पीकरचा आवाज थोडा जास्त ठेवला की झालं. −११ चं गाणं नऊने उतरवताना:

```
ffmpeg -i geet_07.flac -af "volume=-9dB" geet_07_sam.flac
```

शब्द असलेलं गाणं याहूनही दोन डेसिबल खाली ठेवलं. मोजमाप सारखं असलं तरी गळा कानाला पुढे वाटतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

क्रम लावला. ऐकताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत होती, ती षड्जाची. सरोद पांढरी एकच्या आसपास, लगेच पुढची सतार काळी एक, म्हणजे अर्ध्या स्वराने वर. कानात मागचा सा अजून शिल्लक असतो आणि नवा तानपुरा त्याच्याशी भांडतो. एखादी गोष्ट बेसुरी नसूनही बेसुरी वाटते ती अशी. उपाय सोपा आहे. शेजारी-शेजारी सा एक असलेली किंवा चांगली दूर असलेली ध्वनिमुद्रणं ठेवायची आणि अर्ध्या स्वराच्या उडीच्या मध्ये अकॉर्डियन किंवा गाणं घालायचं. तेही जमलं नाही तर पाच सेकंद शांतता.

फोनवरच्या ॲपमध्ये एक गाणं विरताना दुसरं मिसळत आणायची सोय असते. नाचाच्या संगीताला ती छान. इथे ती बंदच ठेवायची, नाहीतर दोन वेगळ्या सा-चे दोन तानपुरे आठ सेकंद एकत्र वाजतात.

ताईचा फोन: "सनई कुठाय? दिवाळी आहे, सनई पाहिजे." तिचं बरोबर आहे, आपल्याकडे मंगल म्हटलं की सनईच. पण सनईचा नाद भेदक. तो उघड्यावर, नगारखान्यातून लांबवर जावा म्हणूनच तसा घडलाय. बोलण्यातली स, श, त, क ही व्यंजनं ज्या उंच पट्टीत ओळखू येतात तिथेच सनईचे उपस्वर ठासून भरलेले असतात, त्यामुळे बंद खोलीत तिने बोलणं पुसलं जातं. लांब बासरीचं उलट. पन्नालाल घोषांनी रूढ केलेल्या त्या मोठ्या बासरीचा नाद खालचा आणि मऊ, बोलणं तिच्या वरून निघून जातं.

मग सनई दाराबाहेर. जिन्याच्या वळणावर एक लहान स्पीकर, आवाज अगदी थोडा. पाहुणा जिना चढताना सनई ऐकेल, दार ओलांडलं की आतली बासरी. मात्र साडेतीनला नाही, चार वाजता सुरू करायची. समोरच्या ब्लॉकमधले काका चारपर्यंत झोपतात आणि कोथरूडमध्ये राहून हा नियम मोडण्यात अर्थ नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

भाची बासरी शिकतेय, चौथं वर्ष. तिचा मित्र तबला वाजवतो. दोघांनी थोडं प्रत्यक्ष वाजवावं अशी माईंची, म्हणजे ताईच्या सासूबाईंची, इच्छा. आज त्यांना घेऊन दिवाणखान्यात बसले.

पहिला प्रश्न जागेचा. मुलं खोलीत समोर बसली की सगळे सवयीने गप्प होऊन श्रोते होतात. मग दारात नवीन आलेल्याला कळत नाही की आत यावं की संपेपर्यंत थांबावं. म्हणून त्यांना दार आणि दिवाणखाना यांच्यामधल्या पॅसेजमध्ये बसवायचं, भिंतीला पाठ लावून. येणारा त्यांच्यावरूनच आत जाईल. माइक नको, निवेदन नको. सहा-सात मिनिटांची एक धून, मग पाच मिनिटं विसावा, असं पाच ते पावणेसहा.

भाची पिलूमधली केरव्याची धून वाजवत होती, छान चालली होती, आणि मध्येच नाद फुटायला लागला. स्वर येतोय पण कापरा, हवेचा सूं आवाज जास्त. तिने ओठ पुसले, बासरी थोडी वळवली, फरक नाही.

"मावशी, आज माझी फुंकच लागत नाहीये."

वर पाहिलं तर पॅसेजमधला पंखा चारवर. बासरीत नाद होतो तो ओठांतून निघणारा पातळ झोत भोकाच्या पलीकडच्या काठावर आपटून. वरून वाऱ्याचा मारा आला की झोत जागेवर राहत नाही. पंखा बंद केला आणि पुढच्याच स्वराला नाद भरून आला. २६ तारखेला त्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी.

दुसरं, तबला बासरीला झाकत होता. मुलगा उत्साही आहे, 'ना' कडक काढतो. त्याला दोन हात मागे सरकवलं, खाली जाड सतरंजी दिली आणि बायाँचा घुमारा कमी करायला सांगितला. धून वाजतेय, साथ करायचीय, तिहायांची आतषबाजी नको. हे त्याला माझ्यापेक्षा भाचीने सांगितलेलं जास्त पटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

स्पीकर लावून पाहिले. दिवाणखाना साधारण बारा बाय अठरा फूट. एक मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवला, तर त्याच्याजवळचे ओरडून बोलतात आणि पलीकडच्यांना काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा दोन लहान, दोन बाजूंना, कपाटावर, डोक्याच्या वर. दोन्हींतून एकच मोनो आवाज. जुन्या स्टिरिओ तबकड्यांत तबला एका बाजूला आणि सतार दुसऱ्या बाजूला असते. तसं ठेवलं तर सोफ्यावरचे नुसता तबला ऐकतील.

माईंना श्रवणयंत्र आहे. यंत्र जवळचं-लांबचं सगळंच मोठं करतं, त्यामुळे मागे संगीत असलं की त्यांना समोरच्याचं बोलणं लागत नाही. त्यांची खुर्ची बाल्कनीच्या बाजूला, दोन्ही स्पीकरपासून सगळ्यांत लांब ठेवली. सगळे त्यांच्या पाया पडायला जाणारच, तेव्हा तेवढा कोपरा शांत हवा.

आवाज ठरवायची पद्धत: मी आणि ताई टीपॉयच्या दोन बाजूंना बसून रोजच्या आवाजात बोललो, भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आम्हाला एकमेकींचा एकही शब्द परत विचारावा लागला नाही आणि भाऊजींना चाल ओळखता आली, तिथे बटणावर पेन्सिलीने खूण केली. फोनवरच्या मापकात पंचावन्न डेसिबलच्या जवळपास दिसत होते, पण अशा ॲपवर फार विसंबू नये.

ताईला बजावून ठेवलं: गर्दी झाली की संगीत ऐकू येईनासं होईल आणि कोणीतरी आवाज वाढवायला जाईल. वाढवायचा नाही. संगीत चढलं की माणसं आणखी मोठ्याने बोलतात, मग पुन्हा संगीत चढवावं लागतं, आणि साडेपाचपर्यंत सगळ्यांचे घसे बसतात. भरल्या घरात संगीत बुडू द्यायचं. घर रिकामं झालं की ते आपोआप वर येतं आणि नेमका त्याच वेळी येणारा एकटा पाहुणा अवघडत नाही.

वाजवायला जुना फोन, फाइली त्यातच उतरवलेल्या, विमान मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू. चालता फोन लावला तर पनवेलच्या आत्याचा कॉल दोन्ही स्पीकरांतून वाजेल. फुकटातलं ॲप लावलं तर यमनच्या मागोमाग गृहकर्जाची जाहिरात.

२६ ऑक्टोबर, रविवार

रात्री साडेनऊ, पाय दुखतायत, पण लगेच लिहिते.

३.३० पहिले पाहुणे ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. सारंग चालू होता. घरात चारच माणसं, त्यामुळे पेन्सिलीच्या खुणेवरही जास्त वाटला, एक घर खाली आणला.

४.०० जिन्यात सनई. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना बोलावणं होतं पण गुडघ्यामुळे येणार नव्हत्या, त्या सनई ऐकून नातवाचा हात धरून वर आल्या. समोरचे काका चार वाजून दोन मिनिटांनी.

४.४० गर्दी. संगीत बुडालं, अपेक्षेप्रमाणे. भाऊजी दोनदा बटणाकडे गेले, ताईने दोनदा परत आणलं. अकॉर्डियन लागलं तेव्हा भाऊजींच्या ऑफिसातले दोघे आणि शाळेतल्या बाई एकाच चालीची तीन वेगळी नावं सांगत होते. वाद पंधरा मिनिटं पुरला.

५.०० मुलं पॅसेजमध्ये बसली. सुरुवातीला जमलं. सव्वापाचनंतर बासरी आणि तबला एकमेकांपासून सुटायला लागले, थोडेसे, पण लागले. वीस माणसं, गॅसवर कढई, पंखा बंद, त्यामुळे पॅसेज तापला होता. हवा तापली की बासरीचा स्वर चढतो, एका अंशाला साधारण तीन सेंट. चार-पाच अंशांचा फरक झाला की कान ओळखतो. तबल्याचं उलट. वाफ आणि दमट हवेने पुडी सैल पडते आणि तो उतरतो. बासरीला मोरण्या नसतात, तेव्हा हातोडी तबल्यालाच. विसाव्याच्या पाच मिनिटांत मुलाने गठ्ठे ठोकून तबला भाचीच्या सा-ला चढवला, पुढच्या विसाव्यात पुन्हा. कोणाच्या लक्षात आलं नाही. माई सोडून. त्या म्हणाल्या, "आता कसा मिळाला!"

५.४० अनारशांची परात आली आणि पॅसेजच अडला. मुलांना पाच मिनिटं आधी उठवलं. फोनवरच्या यादीत पुढे गाणी होतीच.

६.०५ पणत्या. ताई लावत असताना हंसध्वनी सुरू. ही वेळ घड्याळावर सोडली नव्हती, मी हाताने लावला. घरातला आवाज एकदम खाली आला, सगळे बाल्कनीत पणत्या ठेवायला गेले, आणि द्रुत गत पहिल्यांदा खोलीभर स्पष्ट ऐकू आली.

६.४५ दुसरी लाट, तरुण मंडळी. एकाने विचारलं, "नाचायचं काही नाहीये का?" नाही, असं सांगितलं. पहाडीवर त्याने दोन करंज्या जास्त खाल्ल्या.

७.१५ सनईवरची भैरवी, जुनी तबकडी, तीन मिनिटं दहा सेकंद, या वेळी घरात. ती संपायच्या आत जोशीकाका उठले, "चला, भैरवी झाली." त्यांच्या मागोमाग आणखी तीन घरं. तरुण मंडळींना भैरवीचा पत्ता नव्हता, ती पावणेनऊपर्यंत बसली. त्यांच्यासाठी यादीत काहीच उरलं नव्हतं, म्हणून वृंदावनी सारंग पुन्हा सुरुवातीपासून लागला. भाऊजी रात्री आठ वाजता सारंग ऐकून स्वयंपाकघरात निघून गेले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

यादी ताईच्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिली, सनईचा फोल्डर वेगळा. यमन-तिलंगाच्या बाजूला आणखी तासाभराचं हवं, रात्रीच्या हलक्या धुना, खमाज आणि देस. सापडतील तशा घालते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईला हेच परत लावायचंय. तेव्हा बायका दहा-पंधरा मिनिटंच थांबतात, वाण घेऊन पुढच्या घरी. म्हणजे चाळीस मिनिटांचं माप चालणार नाही, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्याच जास्त लागतील. भाऊजींनी कपाटाची किल्ली दिली आहे.